पिना लांब कराव्यात की तांब्याच्या घ्याव्यात?

प्रश्न: मोटर ड्रायव्हरच्या बोर्डावर ४० × ४० मिमीचा अॅल्युमिनियमचा पिन-फिन हीटसिंक लावलाय. ८ × ८ अशा ६४ गोल पिना आहेत, जाडी २ मिमी, लांबी १५ मिमी. बाजूने छोटा पंखा आहे. २५ वॅट उष्णता निघते आणि बेस फार तापतो. पिना ३० मिमीच्या केल्या तर उष्णता दुप्पट जाईल का? आमचे सर म्हणतात, लांब केल्यावर पिनेची कार्यक्षमता ९३ वरून ७७ टक्क्यांवर येते, त्यापेक्षा त्याच मापाचा तांब्याचा घे. काय करू?

उत्तर:

तांब्याचा घेऊ नका. त्याने तुमचा बेस जेमतेम एक अंशाने उतरेल आणि खिसा मात्र बराच हलका होईल. पिना लांब केल्याचा फायदा आहे, पण दुप्पट नाही. तो नेमका किती मिळेल हे पिनेपेक्षा तुमच्या डब्यात हवेला वाट कुठून आहे यावर जास्त ठरतं. सरांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला. ही चूक मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीन म्हणजे कालवा समजा. धरणातून, म्हणजे बेसमधून, पाणी सुटतं आणि वाटेत दोन्ही काठांचे शेतकरी ते उचलत जातात. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचेल हे दोन गोष्टींवर ठरतं: कालवा किती वाहून नेऊ शकतो आणि वाटेतले लोक किती जोरात उचलतात. पिनेत कालव्याचं काम धातू करतो, उचलण्याचं काम हवा करते. धातूची वाहकता `k`, पिनेची जाडी `D`, आणि हवा एका चौरस मीटरमागे, एका अंशामागे किती वॅट उचलते तो गुणांक `h`. या तिघांतून एकच संख्या तयार होते:

`m = √(4h / kD)`

तिला लांबीने गुणलं की मिळतं `mL`, आणि पिनेबद्दल विचारण्यासारखं जवळजवळ सगळं या एका संख्येत असतं. कार्यक्षमता म्हणजे

`η = tanh(mL) / mL`

इथे लांबी घेताना खऱ्या लांबीत `D/4` मिळवायचं, कारण पिनेचं टोकही थोडी उष्णता सोडतं आणि तेवढ्यासाठी वेगळं गणित मांडण्यापेक्षा पीन किंचित लांब धरणं सोपं जातं. ही युक्ती जुनी आहे. १९२२ साली हार्पर आणि ब्राऊन या दोघांनी अमेरिकेत विमानांच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या फिन्ससाठी ती मांडली आणि ती आजही तशीच चालते.

आता तुमची पीन. साध्या एक्सट्रूजनच्या अॅल्युमिनियमची वाहकता २०० वॅट प्रति मीटर-अंश धरू. पंख्याची हवा हीटसिंकच्या तोंडाशी सेकंदाला दीड मीटर वेगाने येते असं समजू. पिनांच्या फटीतून जाताना ती अडीच मीटरच्या आसपास जाते आणि २ मिमीच्या पिनेला अशा हवेत `h` सुमारे १०० मिळतो. हा आकडा तुमच्या पंख्याप्रमाणे सत्तरही असू शकेल, दीडशेही. तो कसा तपासायचा ते पुढे येईल. `m` निघतो ३१.६ प्रति मीटर. बेस आजूबाजूच्या हवेपेक्षा ४० अंशांनी गरम आहे असं धरून एका पिनेतून किती उष्णता जाते ते बघा.

१५ मिमीची पीन ०.३६ वॅट काढते. ३० मिमीची ०.५९ वॅट. ४५ मिमीची ०.७१. ६० मिमीची ०.७६. आणि पीन कितीही लांब केली, अगदी छतापर्यंत नेली, तरी ०.७९५ च्या पुढे ती जाणार नाही. बेरजा न बघता वाढ बघा: पहिल्या पंधरा मिलिमीटरने ०.३६ दिले, दुसऱ्याने ०.२३, तिसऱ्याने ०.१२, चौथ्याने ०.०५. प्रत्येक नवा तुकडा आधीच्याच्या निम्म्याच्या आसपास कमावतो. टेलला पाणी पोचत नाही ते असं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं पिनेपुरतं उत्तर म्हणजे लांबी दुप्पट केल्यावर उष्णता १.६४ पट होते.

हे आकडे हाताने करायचे नसतील तर एवढं पुरेल:

```python
from math import sqrt, tanh, pi

def pin(L, k, h, D=0.002, dT=40):
    Lc = L + D/4
    mL = sqrt(4*h/(k*D)) * Lc
    eta = tanh(mL)/mL
    return mL, eta, h*pi*D*Lc*eta*dT

print(pin(0.015, 200, 100))
```

लांबी आणि जाडी मीटरमध्येच घाला. मिलिमीटर घालून आलेली भन्नाट उत्तरं मी अनेकांच्या वहीत पाहिली आहेत.

आता सरांच्या टक्क्यांकडे. १५ मिमीला कार्यक्षमता ९३ टक्के आणि ३० मिमीला ७७ टक्के, हे बरोबर. पण ही टक्केवारी परीक्षेच्या मार्कांसारखी वाचायची नसते. कार्यक्षमतेची व्याख्या अशी की, संपूर्ण पीन बेसइतकीच गरम असती तर जेवढी उष्णता गेली असती, तिच्या किती टक्के प्रत्यक्षात जाते. म्हणजे ती पिनेची तुलना तिच्याच आदर्श रूपाशी करते, दुसऱ्या पिनेशी नाही. १ मिमी उंचीचा ठोकळा ठेवलात तर त्याची कार्यक्षमता जवळजवळ शंभर टक्के येईल आणि तो काहीच काम करणार नाही. ३० मिमीची पीन ७७ टक्क्यांवरही ९३ टक्केवालीपेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकते.

उलट, ९३ टक्के हा आकडा मला सांगतो की या पिनेत धातू गरजेपेक्षा जास्त आहे. ठरावीक वजनाच्या धातूतून गोल पिनेने जास्तीत जास्त उष्णता काढायची असेल, तर लांबी आणि जाडी अशी निवडावी लागते की `mL` सुमारे ०.९२ येईल, आणि तिथे कार्यक्षमता असते ७९ टक्के. तुमची १५ मिमीची पीन ०.४९ वर आहे, ३० मिमीची ०.९६ वर. म्हणजे ज्या ७७ टक्क्यांना सर नापास करतायत, तिथेच धातूचा पैसा सर्वांत नीट वसूल होतो. मी स्वतः `mL` दीडच्या वर गेला की लांबी थांबवतो, आणि अर्ध्याच्या खाली असला की लांबी वाढवायला जागा आहे का ते बघतो.

हाच `mL` तांब्याचाही निकाल लावतो. तांब्याची वाहकता ३९० धरली, म्हणजे अॅल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट, तर १५ मिमीची पीन ०.३६१ ऐवजी ०.३७४ वॅट काढते. वाढ चार टक्क्यांहूनही कमी. कारण उघड आहे: अॅल्युमिनियमच्या पिनेचं टोक आधीच बेसच्या ८९ टक्के गरम आहे. बेस हवेपेक्षा ४० अंश वर, तर टोक साडेपस्तीस अंश वर. तांबं फार तर ही साडेचार अंशांची तूट भरून काढणार, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. कालवा आधीच टेलपर्यंत भरून वाहतोय, तो रुंद करून शेतकरी जास्त पाणी उचलत नाहीत.

पीन लांब होत जाते तसं तांब्याला काम मिळतं. ३० मिमीला तांबं १२ टक्के जास्त देतं, ६० मिमीला २८ टक्के, आणि अतिलांब पिनेत ४० टक्के. तिथेही थांबतं, कारण लांब पिनेतून जाणारी उष्णता `k` च्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. दुप्पट वाहकतेला दुप्पट उष्णता हे पिनेत कधीच होत नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त गमतीची वाटते. समजा कोणी वेड्यासारख्या स्टेनलेस स्टीलच्या पिना लावल्या. वाहकता १५, म्हणजे अॅल्युमिनियमच्या तेराव्या हिश्शाच्या आसपास. १५ मिमीच्या पिनेतून किती उष्णता जाईल? मी शिकाऊ इंजिनियरांना हे विचारतो तेव्हा बहुतेक जण तेरावा हिस्सा तरी म्हणतात किंवा गप्प बसतात. उत्तर आहे ०.२१ वॅट, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ५७ टक्के. पण तीच स्टीलची पीन ३० मिमीची केली तर फायदा फक्त पाच-सहा टक्के. वाहकता कमी असली की पीन बंद पडत नाही, तिचा फक्त खालचाच भाग काम करतो.

स्टील कोणी लावत नाही, पण या दोन टोकांच्या मधला एक धातू रोजच्या वापरात आहे आणि तिथे लोक फसतात. डाय-कास्टिंगचं नेहमीचं मिश्रण, एडीसी-१२, वाहकतेत शंभरच्याही खाली असतं, साधारण ९६. नमुना एक्सट्रूजन कापून किंवा मशिनिंग करून बनतो, चाचणी पास होते, मग संख्या वाढली म्हणून कोणीतरी कास्टिंगचा साचा करतं आणि ड्रॉइंगवर नुसतं ‘अॅल्युमिनियम’ लिहिलेलं असतं. १५ मिमीच्या पिनेला याने ७ टक्के मार बसतो, तो पचतो. ३० मिमीला १८ टक्के बसतो, तो पचत नाही. म्हणून लांब पिनांच्या ड्रॉइंगवर मिश्रधातूचा नंबर लिहा, नुसतं धातूचं नाव नको. गोल पिना हव्या असतील आणि संख्या मोठी असेल तर कोल्ड फोर्जिंगवाल्यांना विचारा. ते जवळजवळ शुद्ध अॅल्युमिनियम वापरतात आणि त्याची वाहकता एक्सट्रूजनपेक्षाही थोडी बरी असते.

तांब्याचा एक किस्सा सांगतो, कारण तुम्ही त्याच रस्त्याला लागाल अशी भीती आहे. ठोकळ्यातून तांब्याच्या पिना कोरणं महाग पडतं, म्हणून आम्ही एकदा ४ मिमीच्या अॅल्युमिनियमच्या प्लेटला भोकं पाडून त्यात २ मिमीच्या तांब्याच्या पिना दाबून बसवून घेतल्या. भोसरीतल्या एका वर्कशॉपने काम केलं होतं, दिसायला देखणं. हीटसिंक चाचणीला लावला तर आधीच्या अखंड अॅल्युमिनियमच्या पीसपेक्षा वाईट. पहिले दोन दिवस पंख्यावर संशय घेण्यात गेले. मग एका पिनेवर तीन ठिकाणी थर्मोकपल चिकटवले: प्लेटवर पिनेच्या अगदी शेजारी, पिनेच्या पायाशी आणि टोकाला. पायापासून टोकापर्यंत फरक दोन-अडीच अंशांचा, म्हणजे पीन तांब्याला शोभेल अशीच वागत होती. पण प्लेट आणि पिनेचा पाया यांच्यात, मिलिमीटरभर अंतरात, आठ अंशांची उडी. भोकं मोठी झाली होती आणि पिनेभोवती दोन शतांश मिलिमीटरची फट राहिली होती.

दोन शतांश म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? हिशेब करा. फटीत हवा आहे आणि हवेची वाहकता ०.०२८. पिनेचा प्लेटमध्ये बुडालेला घेर आणि ४ मिमी जाडी मिळून २५ चौरस मिलिमीटर क्षेत्र. त्या फटीचा अडथळा येतो सुमारे २८ अंश प्रति वॅट. पिनेचा स्वतःचा, हवेपर्यंतचा अडथळा १०७. एक चतुर्थांश भर नुसत्या फटीने घातली आणि तांब्याने दिलेले चार टक्के गिळून वर अठरा टक्के खाल्ले. बेसपासून ४० अंशांवर त्या पिनेतून ०.३० वॅटच जात होते. प्रेस-फिट पिना घ्यायच्याच असतील तर भोक पिनेपेक्षा किंचित लहान हवं, किंवा सांधा सोल्डर, ब्रेझिंग करून भरलेला हवा. उडी कुठे आहे ते शोधल्याशिवाय दोष पिनेच्या कार्यक्षमतेवर टाकू नका. पिनेच्या अंगावर तापमान हळूहळू उतरतं, सांध्यात ते एकदम पडतं. दोन्ही रोगांचं लक्षण ‘टोक थंड’ हेच असतं, म्हणून टोक एकटं मोजून काही कळत नाही.

आता एका पिनेवरून पूर्ण हीटसिंकवर येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. ६४ पिनांचे, ४० अंशांना, २३ वॅट. पिनांच्या मधली उघडी प्लेट साधारण साडेपाच वॅट टाकते. एकूण पावणेएकोणतीस वॅट. तुमच्या २५ वॅटला हिशेब केला तर बेस हवेच्या ३५ अंश वर राहतो. हाच हीटसिंक तांब्याचा केला तर ३४. हा तो एक अंश. वजन मात्र २५ ग्रॅमवरून ८४ ग्रॅमवर जातं आणि बोर्ड उभा बसवला असेल तर ते स्क्रूंना जाणवतं. पिना ३० मिमीच्या केल्या तर ३५ चे २३ होतात.

थांबा, हे २३ अजून मोजू नका. आपण ‘हवेच्या वर’ म्हणतोय, पण कोणती हवा? तुमच्या हीटसिंकचं तोंड ४० मिमी रुंद आणि १५ मिमी उंच. दीड मीटर वेगाने त्यातून सेकंदाला ०.९ लिटर हवा जाते, आणि एवढी हवा एक अंशाने तापायला साधारण एक वॅट लागतो. तुम्ही तिच्यात २५ वॅट ओतताय. म्हणजे मागच्या बाजूने निघणारी हवा आत शिरताना होती त्यापेक्षा २५ अंश गरम असते, सरासरी साडेबारा अंश. शिरणाऱ्या हवेपासून मोजलं तर बेस ३५ नाही, सत्तेचाळीस अंश वर आहे. फिनच्या सूत्रात हे कुठेच दिसत नाही, आणि म्हणूनच कागदावर थंड असलेले हीटसिंक डब्यात गेल्यावर तापतात.

आता पिना ३० मिमी केल्या की हवेचं काय होतं, याच्या दोन टोकाच्या शक्यता आहेत.

पहिली, पंख्याची हवा सध्या पिनांच्या डोक्यावरून निसटतेय. डब्यात वर मोकळी जागा आहे आणि हवा शहाणी असते, ती फटींत घुसण्यापेक्षा वरून जाणं पसंत करते. अशा वेळी पिना उंच केल्या की ती निसटणारी हवा पकडली जाते. वेग तोच राहिला तर हीटसिंकमधून जाणारी हवा दुप्पट होते, तिची सरासरी तापमानवाढ सहा अंशांवर येते आणि पिनांचे २३ धरून बेस शिरणाऱ्या हवेच्या २९ अंश वर राहतो. ४७ वरून २९. इथे फायदा अपेक्षेपेक्षाही जास्त आहे.

दुसरी, तुमचा पंखा आधीच तेवढीच ०.९ लिटर हवा देऊ शकतो आणि ती सगळी डक्टमधून जातेय. मग पिना उंच केल्या, डक्टही उंच केला, तर तीच हवा दुप्पट तोंडातून जाणार, म्हणजे वेग निम्मा होणार. पिनांवरचा `h` वेगाच्या साधारण वर्गमुळाने चालतो, म्हणून १०० चे ७० होतात. पुन्हा सूत्रात घाला: एका पिनेतून ०.४४ वॅट, आणि २५ वॅटला बेस पिनांमधल्या हवेच्या ३१ अंश वर. हवेची स्वतःची सरासरी वाढ साडेबारा अंश होती तशीच. बेरीज साडेत्रेचाळीस. ४७ वरून ४३. पिनांत दुप्पट धातू घातला आणि चार अंश कमावले.

या दुसऱ्या उदाहरणात पिनेची कार्यक्षमता किती आली माहीत आहे? ८३ टक्के. पहिल्यात ७७ होती. हवा मंदावली, पीन कमी काम करायला लागली आणि टक्केवारी सुधारली. सरांना एवढं एक उदाहरण दाखवलंत तरी वाद मिटेल.

प्रत्यक्षात तुम्ही या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असाल. कुठे, हे एका दुपारच्या कामात कळतं. उदबत्ती घ्या, पंखा चालू करा आणि धूर हीटसिंकच्या तोंडाशी धरा. धूर पिनांच्या वरून निसटत असेल तर पिना लांब करण्याआधी हीटसिंकवर पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं छप्पर टेकवून बघा, बाजूही बंद करा. बऱ्याचदा एवढ्यानेच बेस पाच-दहा अंश उतरतो आणि नवा हीटसिंक लागत नाही. छप्पर लावल्यावर तापमान वाढलं, तर पंखा तेवढा अडथळा ओढू शकत नाही असं समजा. मग पिना लांब करून वर जागा मोकळी ठेवण्यापेक्षा पंखाच बदलावा.

मोजणीबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. इन्फ्रारेड गनने उघडं, चकचकीत अॅल्युमिनियम मोजू नका. ते स्वतःचं तापमान फार थोडं दाखवतं आणि समोरच्या भिंतीचं, तुमच्या हाताचं प्रतिबिंब जास्त दाखवतं. ८० अंशांचा बेस गनवर ४० दिसलेला मी पाहिला आहे. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा. पिनेवर टेपपेक्षा बारीक तारेचं थर्मोकपल बरं. जाड तार स्वतःच एक फिन बनते आणि टोकाची उष्णता ओढून घेते.

बेस, टोक आणि शेजारची हवा अशी तीन तापमानं मिळाली की `h` उलटा काढता येतो. टोकाची हवेवरची वाढ भागिले बेसची वाढ हे प्रमाण `1/cosh(mL)` इतकं असतं. ३० मिमीच्या पिनेला ते आपल्या हिशेबात ०.६७ येतं. तुम्हाला ०.७५ दिसलं तर `mL` सुमारे ०.८० आहे, त्यावरून `h` ७० च्या आसपास, म्हणजे हवा आपण धरली होती तेवढी जोरात नाही. ही पद्धत लांब पिनेलाच वापरा. १५ मिमीच्या पिनेत हे प्रमाण ०.८९ आहे आणि `h` सत्तर असो की शंभर, ते ०.९२ आणि ०.८९ यांच्यामध्येच फिरतं. एवढा फरक थर्मोकपलच्या चुकीतच बुडून जातो. तिथे वॅट मोजा, बेस मोजा आणि पूर्ण हीटसिंकच्या हिशेबातून `h` काढा.

पंखा काढून हीटसिंक नुसत्या हवेवर चालवायचा विचार कधी आलाच, तर हे सगळे आकडे बदलतात. तिथे `h` दहाच्या आसपास येतो, किरणोत्सर्गाचा वाटा धरून. ३० मिमीची अॅल्युमिनियमची पीनसुद्धा ९७ टक्के कार्यक्षम असते आणि तांब्याला काहीच काम उरत नाही. तिथे प्रश्न पिनांमधल्या अंतराचा आणि पृष्ठभागावरच्या थराचा होतो. काळं अॅनोडायझिंग तिथे खरोखर उपयोगी पडतं, पंख्याखाली ते फक्त दिसायला चांगलं.

आणि तांबं अगदी वापरायचंच असेल तर पिनांत नको, बेसमध्ये वापरा. तुमचा मॉसफेट नखाएवढ्या जागेतून २५ वॅट सोडतो आणि ती उष्णता ४० मिमीच्या चौकोनात पसरायची आहे. पातळ अॅल्युमिनियमच्या बेसवर मधल्या पिना तापतात आणि कोपऱ्यातल्या सुस्त राहतात. मधल्या आणि कोपऱ्यातल्या पिनेच्या पायाशी थर्मोकपल लावून बघा. फरक पाच-सहा अंशांच्या वर असेल तर मॉसफेटखाली ३ मिमीचा तांब्याचा तुकडा किंवा जाड बेस यांचा उपयोग होईल. फरक दोन अंशांचा असेल तर तेही राहू द्या, आणि मॉसफेट व हीटसिंक यांच्यामधल्या इन्सुलेटर पॅडचा माहितीचा कागद काढून वाचा. अर्धा अंश प्रति वॅटचा पॅड २५ वॅटला साडेबारा अंश खातो. तुमच्याकडे कोणता आहे ते आणि उदबत्तीचा धूर कुठे गेला ते कळवा, मग पिनेची लांबी ठरवू.